ओळखीच्या माणसांना ओळख कशी सांगायची? सरपंचांची पहिली ग्रामसभा

नवीन सरपंच पहिल्या ग्रामसभेत उभी राहते आणि स्वतःची ओळख करून देते. आता यात विचित्र काय आहे बघा. समोर सतरंजीवर बसलेल्या लोकांपैकी निम्म्यांनी तिच्या लग्नात पंगतीला बसून जेवण केलेलं असतं. तिची गाय कधी व्याली, मुलगा कुठल्या परीक्षेत नापास झाला, सासूशी पटतं की नाही, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. मग ओळख कुणाला सांगायची आणि कशासाठी?

आणि शेजारच्या खुर्च्यांवर पंचायत समितीचे विस्तार अधिकारी, ग्रामसेवक, कृषी सहायक, आरोग्य सेविका असे लोक असतात. त्यांचं नेमकं उलटं आहे. 'सरपंच' हे पद त्यांना पाठ आहे. किती बैठका घ्यायच्या, कुठल्या रजिस्टरवर सही करायची, धनादेशावर कुणाची सही लागते, सगळं माहीत आहे. माहीत नाही ती ही बाई. म्हणजे शेजाऱ्यांना माणूस माहीत आहे पण तो या पदावर नवा आहे, आणि अधिकाऱ्यांना पद माहीत आहे पण माणूस नवा आहे. माईक एकच, वाक्यं तीच, ऐकणारे दोन तऱ्हेचे.

भाषाव्यवहाराचा अभ्यास करणाऱ्या आमच्यासारख्यांना असे प्रसंग फार आवडतात, कारण एरवी जे सहज होऊन जातं ते इथे अडखळत होतं, आणि अडखळलं की दिसतं. म्हणून आजच्या लेखात एवढंच करू या: एक छोटी ओळख घेऊ आणि ती वाक्यावाक्याने उलगडू.

त्याआधी एक जुना सिद्धान्त, थोडक्यात. इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वे सॅक्स या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. बोलताना आपण एखाद्या माणसाचा उल्लेख कसा करतो, हा त्याचा विषय. त्यांना दोन ओढी दिसल्या. पहिली, शक्यतो एकाच शब्दात काम भागवायचं. दुसरी, ऐकणारा ज्याने ओळखेल असाच शब्द निवडायचा. 'शांताबाई आल्या होत्या' म्हटलं आणि समोरच्याला कळलं, तर संपलं. नाही कळलं, तर आपण 'त्या गिरणीवाल्यांच्या' असं जोडतो, तरी नाही कळलं तर 'मागच्या वर्षी हौदाजवळ पडल्या त्या', असं वाढवत जातो. म्हणजे दोन्ही ओढी एकमेकींविरुद्ध गेल्या, तर जिंकते ती ओळख पटवण्याची. शब्द वाढले तरी चालतील, पण माणूस कळला पाहिजे.

हा सिद्धान्त तिसऱ्या माणसाबद्दल बोलण्यासाठी मांडलेला आहे, स्वतःच्या ओळखीसाठी नाही. पण तो ग्रामसभेत आणून ठेवला की गंमत होते. शेजाऱ्यांसाठी शून्य शब्द पुरेसे आहेत. ती उभी राहिली तिथेच ओळख पटली. अधिकाऱ्यांसाठी मात्र पुष्कळ शब्द लागतील. म्हणजे जो शब्द एकाला हवा आहे तो दुसऱ्याला फाजील वाटणार.

आता ती ओळख. ही कुठल्याही एका गावात ध्वनिमुद्रित केलेली नाही. नेहमी कानावर पडणारी वाक्यं घेऊन मी उदाहरणासाठी जुळवलेली आहे, आणि नावही उदाहरणापुरतंच आहे. आडनाव मुद्दाम गाळलंय. का, ते पुढे येईलच.

"व्यासपीठावरचे विस्तार अधिकारी साहेब, भाऊसाहेब, सिस्टर, आणि समोर बसलेली सगळी मंडळी, नमस्कार. मी सुनंदा दत्तात्रय अमुक. ओळख काय सांगायची, तुम्ही सगळे मला ओळखताच. अठरा वर्षं झाली या गावात येऊन. कुणाची वहिनी, कुणाची काकू. साहेबांसाठी सांगते, माझी बारावी झालीय, बचत गटाचं काम आठ वर्षं बघितलंय, हिशेब मी स्वतः लिहिते. निवडणूक होती तोवर आम्ही होतो, ते होते. आता ते झालं. पाण्याचं आपण सगळ्यांनी मिळून बघायचंय. काही काम असलं तर घरी या, चहा प्या. पण अर्ज ऑफिसात द्या, म्हणजे नोंद राहील."

वाचायला पाऊण मिनिट लागलं असेल. आता नावापासून सुरुवात करू.

सुनंदा दत्तात्रय अमुक. मराठीत पूर्ण नाव तीन तुकड्यांचं: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. मतदार यादीत ती अशी आहे, म्हणून मतपत्रिकेवरही अशीच होती. पण गावात या नावाने तिला कुणीही हाक मारत नाही. म्हणजे शेजाऱ्यांच्या कानाला तिचं स्वतःचं नावच परकं लागतं. पद राखीव प्रवर्गाचं असेल तर आणखी एक नाव निघतं: जातीचं प्रमाणपत्र वडिलांकडून येतं, त्यामुळे ते बहुधा माहेरच्या नावावर असतं, आणि 'ही आणि ती बाई एकच' हे कागदावर दाखवावं लागतं. एका बाईची तीन नावं झाली: प्रमाणपत्रातली, यादीतली आणि हाकेतली. सभेत ती यादीतलं उच्चारते. या निवडीतून ती अधिकाऱ्यांना सांगते की तुमच्या कागदावरची ती मीच.

मधल्या तुकड्याकडे जरा थांबून बघा. जुन्या वळणाच्या घरांत बायको नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नसे. घ्यायचंच तर उखाण्यात, यमकाच्या आडोशाने. 'नाव घेणं' हा शब्दप्रयोगच त्यातून आला. आता तरुण पिढीत हे पुष्कळ सैल झालंय, बऱ्याच जणी नवऱ्याला घरात नावाने हाक मारतात. पण थोरल्या दिरासमोर, चुलत सासऱ्यांसमोर, माईकवरून? तिथे जीभ क्षणभर अडते. अशा जागी काही जणी नुसतं पहिलं नाव आणि आडनाव सांगतात, काही जणी मधलं नाव भरकन उरकतात. बाहेरून आलेल्या साहेबांना यातलं काही जाणवतही नाही. त्यांच्या दृष्टीने ती फॉर्ममधली मधली चौकट आहे.

आणि आडनाव. शहरात आडनाव म्हणजे पत्त्याचा भाग. गावात आडनावावरून भावकी कळते, आळी कळते, कुणाशी बांधाचं भांडण आहे तेही कळतं. अधिकाऱ्याला त्यातून जात आणि मुलूख यांचा अंदाज येतो. आडनाव लिहिलं असतं तर वाचकांनीही तेच केलं असतं, आणि बाकीची वाक्यं त्या चष्म्यातून वाचली असती. म्हणून गाळलं.

पुढचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: "ओळख काय सांगायची, तुम्ही सगळे मला ओळखताच." वरवर हे शिष्टाचाराचं, जवळजवळ पोकळ वाक्य आहे, आणि असं वाक्य कुठल्याही गावातल्या भाषणात भेटतं. पण ते गाळून बघा. "मी सुनंदा दत्तात्रय अमुक, माझं शिक्षण बारावी" असं थेट सुरू झालं, तर समोर चुळबुळ होते. मागून कुणीतरी म्हणतं, "वहिनी, आम्हाला कशाला सांगताय, साहेबांना सांगा." हसू येतं सगळ्यांना, पण त्या हसण्यात एक टोचणी असते. कारण मराठीत 'ओळख' या शब्दाचे पदर बरेच आहेत. ओळख करून देणं म्हणजे परिचय. ओळख असणं म्हणजे संबंध असणं. आणि ओळख दाखवणं म्हणजे रस्त्यात भेटल्यावर थांबून दोन शब्द बोलणं. पद मिळालेल्या माणसाबद्दल गावाची ठरलेली तक्रार कोणती? "आता ओळख दाखवत नाही." म्हणून शेजाऱ्यांपुढे परिचय द्यायला लागणं हेच ओळख तोडल्यासारखं दिसतं. "ओळख काय सांगायची" या वाक्यातून ती माहिती देत नाही. तुमच्याशी माझा जो संबंध आहे तो तसाच धरून पुढे बोलतेय, एवढं ती कळवते.

लगेच "कुणाची वहिनी, कुणाची काकू" येतं. पुरुष सरपंच असता तर तो "मी तुमच्याच अंगाखांद्यावर वाढलो" असं काहीतरी म्हणाला असता. त्याची अडचण वेगळी असते. कालपर्यंत 'अरे बाळ्या' म्हणणारे आजोबा आज 'सरपंच साहेब' म्हणतात, आणि त्यातला मान किती, टोमणा किती, हे त्याचं त्यालाच शोधावं लागतं. सुनंदाबाई गावात लग्न होऊन आल्या. त्यांना 'लेक' म्हणवून घेता येत नाही. सुनेला गावात जी जागा असते ती ऐकून घेण्याची, डोक्यावर पदर घेऊन खाली बसण्याची. 'सून' हा शब्द त्यांनी वापरलेला नाही, हे लक्षात घ्या. वहिनी आणि काकू ही धाकट्यांशी असलेली नाती आहेत, म्हणजे ज्यांच्यात त्यांचा शब्द मोठा आहे. नाती तीच ठेवली, पण वरच्या टोकाकडून पकडली. हे ठरवून केलंच असेल असं नाही. कानाला बरं वाटतं म्हणूनही माणूस असं बोलतो. पण परिणाम तोच.

मग येतं "साहेबांसाठी सांगते." इथे तिने मान वळवली, असं समजा. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने बोलण्यातल्या अशा वळणांवर लिहिलं आहे. बोलणारा कुणाशी आणि कुठल्या नात्याने बोलतोय, ते मधेच बदलतो, त्याला त्याने 'फूटिंग' म्हटलं. कुस्तीतला पवित्रा डोळ्यासमोर आणा, पाय कुठे रोवलाय ते. या दोन शब्दांनी पवित्रा बदलला आणि मुख्य म्हणजे तो उघड बदलला. आता बारावी, बचत गट, आठ वर्षं हे सगळं शेजाऱ्यांना फाजील वाटत नाही, कारण ते त्यांच्यासाठी नाहीच. त्यांना ते फक्त ऐकू जातंय.

पण ऐकू जातंय हेही तिला माहीत आहे. "हिशेब मी स्वतः लिहिते" हे वाक्य साहेबांना उद्देशून आहे, आणि ऐकवायचं आहे गावाला. महाराष्ट्रात सरपंचपदांपैकी निम्मी पदं स्त्रियांसाठी राखीव आहेत, आणि नवऱ्याने कारभार बघायचा, बायकोने सही करायची, ही रीत इतकी रुळलेली आहे की 'सरपंचपती' हा शब्द त्यातून तयार झाला. नातेवाइकांनी ग्रामपंचायतीच्या कामकाजात लुडबूड करू नये असे शासनाचे आदेश आहेत. तरीही सभेत उभं राहून "माझा नवरा कारभार बघणार नाही" असं कुणी म्हणू शकत नाही. ते घर मोडल्यासारखं वाटेल. "मी स्वतः लिहिते" म्हणता येतं. त्यातला 'स्वतः' काढला तर उरते नुसती पात्रता. तो ठेवला की एका न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं.

आता सर्वनामं. खरं तर माझा सगळा जीव यात आहे, पण आवरतं घेतो. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत. आम्ही म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून. आपण म्हणजे त्याला धरून. हिंदीतल्या 'हम'मध्ये हा भेद नाही, त्यामुळे तिथल्या वक्त्याला ही मुभा आहे की 'हम' म्हणायचं आणि कोण कोण ते मोघम ठेवायचं. मराठीत ते झाकून राहत नाही.

आणि पहिल्या ग्रामसभेत हे का महाग पडू शकतं ते बघा. महाराष्ट्रात सरपंचाची थेट जनतेतून निवड २०१७ साली आली, २०२० साली रद्द झाली आणि २०२२ साली परत आली. थेट निवडीत असं होतं की सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्यांमध्ये बहुमत दुसऱ्या पॅनेलचं. मग उपसरपंचही बहुधा दुसऱ्या बाजूचा. अशा सभेत नवीन सरपंच उत्साहाने म्हणतो, "आम्ही पाणी आणणार." वाक्यात वाईट काहीच नाही. पण समोरच्या अर्ध्या लोकांना त्यात ऐकू येतं की पाणी आणणारे ते आणि बघत बसणारे आपण. पुढच्या मासिक सभेत पाण्याच्या ठरावाला फाटे फुटतात तेव्हा त्याचं कारण एवढं एक सर्वनाम नसतं, हे उघड आहे. पण विरोधकांना ते वाक्य पाठ झालेलं असतं.

आपल्या उदाहरणात 'आम्ही' एकदाच येतो आणि तो भूतकाळात बंद केलेला आहे: "निवडणूक होती तोवर आम्ही होतो, ते होते." त्यानंतर 'आपण'.

पण 'आपण'मध्येही एक खड्डा आहे. तोच शब्द आदराने 'तुम्ही' म्हणूनही वापरतात. "आपण आलात" म्हटलं तर साहेबांना, "आपण करू" म्हटलं तर सगळ्यांना. क्रियापदाच्या शेवटावरून कळतं. जिथे क्रियापद सांगत नाही तिथे घोटाळा. "पाण्याचं आपण बघायचंय" हे वाक्य साहेबांकडे बघून म्हटलं तर ती विनंती वाटते, तुम्ही बघा अशी. गावाकडे बघून म्हटलं तर ते आवाहन वाटतं. "सगळ्यांनी मिळून" हे दोन शब्द तिथे आल्यामुळे खड्डा बुजला.

शेवटचं वाक्य, "घरी या, चहा प्या, पण अर्ज ऑफिसात द्या." यात दोन्ही प्रकारचे ऐकणारे शेजारी शेजारी बसवलेत. घर म्हणजे ओळख चालू आहे. ऑफिस म्हणजे आवक रजिस्टरवर नोंद, पोच, तारीख. ग्रामसेवकाला, ज्याला गाव 'भाऊसाहेब' म्हणतं, हे ऐकून हायसं वाटतं, कारण ओट्यावर तोंडी दिलेली आश्वासनं शेवटी त्याच्याच गळ्यात येतात.

बरं, पण हे सगळं मी म्हणतोय म्हणून खरं का मानायचं? वाक्याचा अर्थ अभ्यासकाला काय वाटतो याला आमच्या पद्धतीत फारशी किंमत नाही. ऐकणाऱ्यांनी पुढच्याच क्षणी काय केलं, हा पुरावा. ओळख झाल्यावर पहिला प्रश्न येतो, समजा, "टाकीचं काम कुठवर आलंय?" आता तीन गोष्टी टिपायच्या. प्रश्न कुणाला उद्देशून आहे, संबोधन काय वापरलंय, आणि उत्तर कोण देतं. "वहिनी, टाकीचं कुठवर आलंय?" आणि उत्तर सरपंचांनी दिलं, तर नातं आणि पद दोन्ही एकत्र चालले. "मॅडम" म्हणून विचारलं आणि उत्तर भाऊसाहेबांनी दिलं, तर मान मिळाला पण कामकाज दुसरीकडे गेलं. आणि विस्तार अधिकाऱ्यांनी तिचं वाक्य संपल्यावर भिंतीशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघून विचारलं, तर बारावी, बचत गट, हिशेब सगळं वाया गेलं. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतली अशी संबोधनं नुसती मोजली तरी ओळख कुठे पोचली ते दिसतं.

नुसत्या नात्यावर भर दिला की हे तिसरं जास्त सहज होतं. "मी तुमचीच सून आहे, चुकलं तर पदरात घ्या" हे ऐकायला गोड आहे, टाळ्याही मिळतात. पण सुनेकडून टाकीचा हिशेब कोण मागणार? तो घरच्या पुरुषाकडे मागायचा असतो.

ग्रामसभांतलं बोलणं असं बारकाईने अभ्यासणारं काम भारतात झालेलं आहे. पारोमिता सन्याल आणि विजयेंद्र राव यांचं 'ओरल डेमोक्रसी' हे २०१९ सालचं पुस्तक दक्षिणेतल्या चार राज्यांतल्या सुमारे तीनशे ग्रामसभांच्या नोंदींवर उभं आहे. त्याच वर्षी राव आणि सहकाऱ्यांचा तमिळनाडूतल्या ग्रामसभांवरचा निबंध आला. त्यात दिसलं की स्त्रिया कमी वेळा बोलतात, आणि बोलल्या तरी त्यांच्या मुद्द्याला अधिकाऱ्यांकडून नेमकं उत्तर मिळण्याची शक्यता कमी असते. अध्यक्ष स्त्री असेल तिथे मात्र स्त्रियांना प्रतिसाद अधिक मिळतो. हे काम कुठले विषय निघाले आणि कुणाला उत्तर मिळालं यावर आहे. सर्वनामांच्या पातळीवर उतरायचं तर मूळ भाषेतली मुद्रणं हवीत, भाषांतर चालत नाही. वरचा 'आम्ही' आणि 'आपण' इंग्रजीत नेला की दोन्हीचा एकच शब्द होतो.

मुद्रणांच्याही मर्यादा आहेत. माईकजवळचा आवाज स्वच्छ येतो आणि मागच्या बाजूला बायका आपसात काय म्हणाल्या ते येत नाही. तिने मान कुठे वळवली हे नुसत्या आवाजातून कळत नाही, त्यासाठी चित्रीकरण लागतं, आणि कॅमेरा लावला की लोक कॅमेऱ्यासाठी बोलतात. शिवाय सगळं गाव सभेत नसतंच. कायद्याने ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातला जो आकडा कमी तो. आणि ती न झाल्यामुळे तहकूब केलेल्या सभेला पुढे गणपूर्तीची अटच नाही. म्हणजे "तुम्ही सगळे मला ओळखताच" यातले सगळे कधी कधी चाळीस-पन्नासच असतात.

सरकारी दप्तरात यातलं काय उरतं? ग्रामसेवक प्रोसिडिंग बुकात लिहितात त्या थाटात सांगायचं तर एवढंच: "सभेच्या अध्यक्षस्थानी मा. सरपंच सौ. सुनंदा दत्तात्रय अमुक होत्या. त्यांनी उपस्थितांचे स्वागत करून आपला परिचय करून दिला." खाली विषय क्रमांक एक सुरू होतो, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.